ऑप्शनच्या किमतींतून बाजाराच्या मनातलं वितरण कसं काढायचं आणि जाड डावी शेपटी कशी वाचायची

एकाच मुदतीचे, पण वेगवेगळ्या स्ट्राइकचे पुट आणि कॉल समोर मांडले, तर त्या रांगेत मुदतीच्या दिवशी भाव कुठे असेल याचं बाजाराने लावलेलं सगळं वितरण दडलेलं असतं. नुसता सरासरी अंदाज नव्हे, तर कुठल्या पट्ट्यात किती टक्के शक्यता, इतक्या तपशिलाने. ते बाहेर काढायची रीत १९७८ साली ब्रीडन आणि लिट्झेनबर्गर यांनी मांडली. गणित चार ओळींचं आहे. अवघड भाग पुढे येतो, किमती गोळा करताना आणि आलेला आकार वाचताना. इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. त्याचे आकडे मी हिशोबासाठी बेतलेले आहेत, पण शेअर निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये जसा उतार दिसतो तसाच उतार त्यांत ठेवला आहे.

## कच्चा माल

आपल्या निर्देशांकाचा फॉरवर्ड भाव १००० आहे. मुदत ०.०९ वर्ष, म्हणजे साधारण ३३ दिवस. व्याज शून्य धरलं आहे. प्रत्यक्षात ते शून्य नसतं, म्हणून प्रत्येक ऑप्शनच्या किमतीला आधी e^(rT) ने गुणून ती मुदतीच्या दिवसाच्या पैशात आणायची. ऑप्शन युरोपियन पद्धतीचे हवेत. अमेरिकन पुटमध्ये मुदतीआधी वठवण्याची सवलतही विकली जाते आणि ती किंमत पुढचा हिशोब बिघडवते.

फॉरवर्ड भाव बाहेरून आणू नका. मधल्या दोन-तीन स्ट्राइकवर कॉल वजा पुट काढा, त्यात स्ट्राइक मिळवा, की ऑप्शनचा बाजार ज्या फॉरवर्डवर चालला आहे तो मिळतो. लाभांशाचा अंदाज त्यात आपोआप येतो.

किंमत म्हणून शेवटचा व्यवहार घ्यायचा नाही; त्या क्षणाच्या खरेदी आणि विक्री भावांचा मध्य घ्यायचा. फॉरवर्डच्या खाली पुट आणि वर कॉल वापरायचे, कारण आऊट-ऑफ-द-मनी बाजूला उलाढाल जास्त असते. वरच्या कॉलमध्ये स्ट्राइक आणि फॉरवर्डमधला फरक मिळवला की त्याच स्ट्राइकचा पुट मिळतो. म्हणून खाली सगळं पुटच्याच भाषेत लिहिलं आहे.

| स्ट्राइक | इम्प्लाइड व्होलॅटिलिटी | पुटची किंमत |
|---|---|---|
| ७५० | ३६% | ०.१११ |
| ८०० | ३२% | ०.२९३ |
| ८५० | २८% | ०.७८१ |
| ९०० | २४% | २.१७६ |
| ९५० | २०% | ६.३७२ |
| १००० | १७% | २०.३४ |
| १०५० | १५% | ५३.२६२ |
| ११०० | १४% | १००.१७६ |
| ११५० | १४% | १५०.००५ |

## पहिला उतार: खाली जाण्याची शक्यता

९०० चा पुट विकत घ्या आणि ८५० चा विका. खर्च २.१७६ वजा ०.७८१, म्हणजे १.३९५. मुदतीला भाव ८५० च्या खाली असेल तर हातात ५० येतात, ९०० च्या वर असेल तर काहीच नाही. ५० मिळवायला बाजार १.३९५ मागतो, म्हणजे त्याच्या लेखी शक्यता १.३९५ ÷ ५० = २.७९ टक्के. दोन स्ट्राइकच्या मधल्या भागात परतावा अर्धामुर्धा असतो, म्हणून हा आकडा ८५० ते ९०० या टापूची सरासरी समजायचा आणि मध्यावर, ८७५ वर, लिहायचा.

हेच प्रत्येक शेजारच्या जोडीला करत गेलं की खालील शक्यता मिळतात: ७७५ च्या खाली ०.३६%, ८२५ च्या खाली ०.९८%, ८७५ च्या खाली २.७९%, ९२५ च्या खाली ८.३९%, ९७५ च्या खाली २७.९%, १०२५ च्या खाली ६५.८%, १०७५ च्या खाली ९३.८% आणि ११२५ च्या खाली ९९.७%. पुटची किंमत स्ट्राइकबरोबर किती वेगाने वाढते, एवढंच आपण मोजलं आहे.

## दुसरा उतार: पट्ट्यातली शक्यता

शेजारच्या दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे त्या पट्ट्यातली शक्यता. ८२५ ते ८७५ मध्ये २.७९ − ०.९८ = १.८१ टक्के. ट्रेडरच्या भाषेत हा बटरफ्लाय झाला: ८०० चा एक पुट घ्या, ८५० चे दोन विका, ९०० चा एक घ्या, आणि येणारा खर्च ५० ने भागा. पट्टे अरुंद करत नेले की घनता मिळते. K हा स्ट्राइक, P त्याच्या पुटची किंमत आणि h शेजारच्या स्ट्राइकमधलं अंतर धरलं, तर:

f(K) = [P(K−h) − 2·P(K) + P(K+h)] / h²

सगळे पट्टे असे येतात: ७७५ च्या खाली ०.३६, मग ०.६१, १.८१, ५.६०, १९.५, ३७.९, २८.०, ५.८ आणि ११२५ च्या वर ०.३४ टक्के.

इथे एक तपासणी करायचीच. प्रत्येक पट्ट्याचा मध्य गुणिले त्याची शक्यता यांची बेरीज फॉरवर्डइतकी यायला हवी; टोकाच्या दोन उघड्या पट्ट्यांचा मध्य म्हणून ७५० आणि ११५० धरायचे. आपली येते १०००.१०६. हा ०.१०६ कुठून आला? ७५० चा पुट ०.१११, ११५० चा कॉल ०.००५, आणि त्यांची वजाबाकी ०.१०६. योगायोग नाही हा. ७५० च्या खाली आणि ११५० च्या वर काय घडतं ते आपण पाहिलंच नाही, आणि त्या न पाहिलेल्या भागाची किंमत या दोन टोकाच्या ऑप्शनमध्ये आहे. फरक यापेक्षा वेगळा आला, तर फॉरवर्ड चुकला आहे किंवा कुठल्या तरी ओळीत चुकीचा भाव शिरला आहे.

## गोंगाट आणि त्यावरचा इलाज

दोनदा वजाबाकी केली की भावातली लहानशी चूक फुगते. मधल्या पुटचा भाव ०.१ ने चुकला, तर पट्ट्यातली शक्यता २ × ०.१ ÷ h इतकी चुकते. h = ५० असेल तर ०.४ टक्के, ८५० भोवतीच्या १.८१ पुढे ही चूक सोसता येते. पण बारीक चित्र हवं म्हणून h = १० केलं, तर चूक २ टक्के होते आणि त्या अरुंद पट्ट्यातली खरी शक्यता ०.३६ टक्क्यांच्या आसपासच असते. चूक मूळ आकड्याच्या पाचपट! आलेख करवतीसारखा दिसू लागतो, आणि काहीजण त्या दातांना बाजाराचा संकेत समजतात.

चुकीचा भाव पकडायची सोपी खूण म्हणजे ऋण शक्यता. समजा ८५० च्या पुटला सकाळच्या व्यवहाराचा १.३० हा भाव लागला. शेजारच्या ०.२९३ आणि २.१७६ ची सरासरी १.२३५ येते, आणि १.३० तिच्यापेक्षा जास्त आहे. बटरफ्लाय ऋण झाला, म्हणजे पैसे देऊन नव्हे तर घेऊन मिळणारा फुकटचा परतावा. बाजार असा फुकट वाटत नाही. तो भाव शिळा आहे. ओळ काढून टाका.

उरलेल्या गोंगाटासाठी किमती थेट गुळगुळीत करायच्या नाहीत. पुटची किंमत ०.१ पासून १५० पर्यंत पसरते, त्यामुळे तिच्यावर वक्र बसवला की शेपटीतला तपशील नाहीसा होतो. शिम्को यांनी १९९३ मध्ये सुचवलेली वाट आजही बहुतेक लोक धरतात: किमतींचं इम्प्लाइड व्होलॅटिलिटीत रूपांतर करा, तिथे वक्र बसवा, वक्रावरून पुन्हा दाट स्ट्राइकच्या किमती काढा आणि मग उतार घ्या. ब्लॅक-शोल्स हे ऑप्शनच्या किमतीचं सूत्र खरं आहे असं यात मानलेलं नाही. ते इथे फक्त एका मापातून दुसऱ्या मापात जाण्यासाठी वापरलं आहे.

```python
import numpy as np
from scipy.interpolate import UnivariateSpline
from scipy.stats import norm

F, T = 1000.0, 0.09
K  = np.array([750,800,850,900,950,1000,1050,1100,1150.])
iv = np.array([36,32,28,24,20,17,15,14,14.]) / 100

f = UnivariateSpline(np.log(K/F), iv, k=4, s=len(K)*0.002**2)
x = np.arange(750, 1151, 1.0)
sd = f(np.log(x/F)) * np.sqrt(T)
d1 = np.log(F/x)/sd + sd/2
put = x*norm.cdf(sd - d1) - F*norm.cdf(-d1)
cdf = np.gradient(put, x)
pdf = np.gradient(cdf, x)
print(cdf[x == 875], pdf.min())
```

`0.002` म्हणजे व्होलॅटिलिटीत सरासरी ०.२ टक्क्यांपर्यंतची चूक वक्राला माफ. हा आकडा खरेदी-विक्री भावांतल्या अंतरावरून ठरवावा; अंतर रुंद असेल तर माफीही मोठी. `pdf.min()` ऋण आला तर `s` वाढवून पाहा, आणि तरीही ऋणच राहिला तर कच्चा माल पुन्हा तपासा.

## सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात

८७५ किंवा ९०० च्या खाली जाण्याची शक्यता हवी असली की अनेकजण त्या स्ट्राइकची व्होलॅटिलिटी ब्लॅक-शोल्सच्या सूत्रात घालून त्यातलं N(−d2) हे पद शक्यता म्हणून वाचतात. ९०० साठी २४ टक्के घातले तर ७.७ टक्के येतात. हे चूक आहे, आणि थोडंथोडकं नाही. स्ट्राइक बदलला की व्होलॅटिलिटीही बदलते, म्हणून पुटच्या उतारात आणखी एक पद येतं:

Prob(S<K) = N(−d2) + vega · dσ/dK

९०० वर वेगा, म्हणजे व्होलॅटिलिटीबरोबर पुटची किंमत बदलण्याचा वेग, साधारण ३८.९ आहे आणि व्होलॅटिलिटी प्रत्येक अंकामागे ०.०००८ ने उतरते. गुणाकार −०.०३११. म्हणजे खरी शक्यता ७.७ − ३.१ = ४.६ टक्के. डेल्टालाच शक्यता मानणाऱ्यांची गत हीच होते, कारण त्याच पुटचा डेल्टा ६.७ टक्के दाखवतो. वक्र जितका तिरका, तितकी ही पद्धत डावीकडची भीती फुगवून सांगते. जाड शेपटी मोजायला निघालेल्या माणसाने हे दुसरं पद विसरणं सगळ्यात महाग पडतं.

## शेपटी जाड म्हणजे कशाच्या मानाने?

तुलनेसाठी मधल्या स्ट्राइकची १७ टक्के व्होलॅटिलिटी सगळ्या स्ट्राइकला लावून लॉगनॉर्मल वितरण काढलं, त्याच पट्ट्यांवर, त्याच वजाबाकीने.

| | बाजार | सपाट १७% |
|---|---|---|
| ८२५ च्या खाली | ०.९८% | ०.०२% |
| ८७५ च्या खाली | २.७९% | ०.६७% |
| ९२५ च्या खाली | ८.४% | ७.५% |
| ९७५ च्या खाली | २७.९% | ३२.५% |
| १०२५ च्या वर | ३४.२% | ३१.२% |
| १०७५ च्या वर | ६.२% | ८.२% |

ही कोष्टकं मी नेहमी खालून वर वाचतो. १०७५ च्या वर बाजार कमी शक्यता देतो, म्हणजे उजवी शेपटी बारीक आहे. पण १०२५ च्या वर तो जास्त देतो. आणि ९७५ च्या खाली? तिथे बाजाराने लावलेली शक्यता सपाट वितरणापेक्षा कमी आहे. जाड डाव्या शेपटीचा अर्थ ‘भाव पडेल असं बाजाराला वाटतं’ असा घेणाऱ्यांनी या ओळीवर थांबावं. दोन्ही वितरणांची सरासरी १००० लाच बांधलेली आहे. खोल खड्ड्यातल्या शक्यतेला जादा वजन दिलं की तोल राखायला उरलेलं वजन थोडं उजवीकडे सरकावं लागतं. म्हणून हे वितरण सांगतं ते असं: बहुतेक वेळा भाव किंचित वर जाईल, साधी मध्यम घसरण तितकीशी संभवत नाही, पण पडलाच तर फार खोल पडेल.

दोन्ही वितरणं ९२५ ते ९७५ च्या मध्ये कुठेतरी एकमेकांना ओलांडतात. शेपटी तिथून पुढे सुरू होते. ९२५ वर फरक नावापुरता, ८७५ वर चौपट, ८२५ वर जवळजवळ पन्नासपट. ‘शेपटी किती जाड’ याला एकच आकडा देणं मला म्हणूनच पटत नाही. कुठल्या पातळीवर, ते सांगावंच लागतं.

तिरकसपणाचा गुणांक तर आणखी फसवा. आपल्या पट्ट्यांवरून तो सुमारे −०.७६ येतो. त्यातला जवळपास ४० टक्के भाग एकट्या ७७५ च्या खालच्या पट्ट्याचा आहे, ज्याची शक्यता ०.३६ टक्के. म्हणजे ज्या पुटमध्ये सगळ्यात कमी व्यवहार होतात आणि खरेदी-विक्री भावांतलं अंतर किमतीच्या मानाने सगळ्यात मोठं असतं, तो पुट हा गुणांक ठरवतो. वर केलेली पातळीनिहाय तुलना कंटाळवाणी असते, पण ती अशी एका भावाने उलटत नाही.

## शेवटच्या स्ट्राइकच्या पलीकडे

७५० च्या खाली फक्त एक गोष्ट पक्की माहीत आहे: ०.१११. ती शक्यता गुणिले सरासरी तूट आहे. ०.२ टक्के शक्यता आणि ७५० च्या खाली सरासरी ५५ अंकांची घसरण, किंवा ०.१५ टक्के आणि ७४ अंक; दोन्हींची किंमत तीच. बाजाराने याहून जास्त काही सांगितलेलं नाही.

तरीही वक्र पुढे न्यावा लागतो, आणि इथे बरेचजण शेवटची व्होलॅटिलिटी तशीच सपाट ओढतात. ते दिसायला सावध वाटतं, पण ७५० वर काय होतं पाहा. डावीकडे व्होलॅटिलिटीचा उतार शून्य, म्हणून खाली जाण्याची शक्यता नुसती N(−d2), ०.४५ टक्के. उजवीकडे दुसरं पद जागं होतं आणि शक्यता ०.२१ टक्के होते. स्ट्राइक वाढताना ‘त्याच्या खाली असण्याची शक्यता’ घटली! म्हणजे ७५० या बिंदूवर ०.२४ टक्के ऋण शक्यता जमा झाली. आलेखात शेवटच्या स्ट्राइकपाशी एक अचानक खाच दिसली, तर कारण हेच. त्यापेक्षा विश्वासाच्या शेवटच्या स्ट्राइकवर थांबावं आणि पुढे पॅरेटोसारखी शेपटी जोडावी, जिची तिथली घनता आणि शक्यता वक्राशी जुळेल आणि जिच्यातून त्या पुटची किंमतही परत मिळेल. मात्र जोडलेला भाग आलेखात वेगळ्या रंगात दाखवा. तो आपला आहे, बाजाराचा नाही.

## या शक्यता खऱ्या शक्यता नव्हेत

पुटच्या किमतीत दोन गोष्टी एकत्र येतात: घटना घडण्याची शक्यता, आणि ती घडेल त्या दिवशी पैसा किती मोलाचा असेल. सगळं कोसळलेलं असताना हातात आलेला पैसा जास्त मोलाचा, म्हणून त्याचा विमा महाग. १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के पडला. त्याआधी निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये हा उतार फारसा नव्हता आणि नंतर तो कायमचा राहिला. त्यात घडण्याचा अंदाज किती आणि विम्याची भूक किती, हे नुसत्या किमतींवरून वेगळं काढता येत नाही.

अंदाज घेता येतो. गुंतवणूकदाराची जोखमीबद्दलची नावड ३ आहे असं गृहीत धरा, प्रत्येक पट्ट्याच्या शक्यतेला (S/F)³ ने गुणा आणि बेरीज पुन्हा १०० करा. ८७५ च्या खालची शक्यता २.७९ वरून सुमारे १.५७ टक्क्यांवर येते. म्हणजे जाडीचा मोठा हिस्सा विम्याच्या किमतीचा निघाला, तरी उरलेला आकडा सपाट वितरणाच्या ०.६७ च्या दुपटीहून जास्त आहे. ३ हा आकडा गृहीतच आहे. २ आणि ५ घालूनही पाहावं, आणि निष्कर्ष ज्यावर टिकतो तेवढाच बोलावा.

## दोन दिवसांची तुलना

शेपटी बदलते आहे का, हा प्रश्न तिच्या एका दिवसाच्या आकारापेक्षा उपयोगाचा. पण तुलनेत एक खोच आहे. समजा उद्या सगळ्या स्ट्राइकची व्होलॅटिलिटी एकसारखी ५ अंकांनी वाढली. वरच्या दोन पदांच्या सूत्राने बरोबर ८७५ या बिंदूवर मोजलं, तर खाली जाण्याची शक्यता २.६५ वरून ५.०५ टक्क्यांवर जाते. बातमी म्हणून हे ‘कोसळण्याची भीती दुप्पट’ असं छापलं जाईल. पण त्याच बिंदूवर सपाट वितरणाची शक्यताही ०.४८ वरून २.३३ टक्के झालेली असते, म्हणजे गुणोत्तर ५.५ वरून २.२ वर आलं. आधी ८७५ हे मधल्या व्होलॅटिलिटीच्या मापाने २.६ पट दूर होतं, आता २ पटच दूर आहे. शेपटी सरकली नाही, सगळं वितरण रुंद झालं आणि ८७५ त्याच्या जास्त आत आलं.

म्हणून तुलना करताना स्ट्राइक अंकांत किंवा टक्क्यांत न धरता, त्या दिवशीच्या मधल्या व्होलॅटिलिटीच्या मापात धरावा: समजा २.५ पट खाली. मुदतही सारखी हवी, कारण मुदत संपत येते तसा उतार आपोआप तिरका होतो. शेजारच्या दोन मुदतींच्या मधून ३० दिवसांचं चित्र काढून तेच रोज ठेवावं. इतकं करूनही शेपटी खरोखर फुगलेली दिसली, तर कुठल्या स्ट्राइकने ती फुगवली ते उघडून पाहावं. ८५०, ९०० आणि ९५० तिन्ही हलले असतील तर बाजाराचं मत बदललं आहे. एकटा ७५० हलला असेल, तर आधी त्याच्या खरेदी आणि विक्री भावांतलं अंतर पाहावं. बहुतेकदा फक्त खरेदीचा भाव मागे घेतलेला असतो आणि मध्य त्याच्यामुळे सरकलेला असतो.